पातेलं काळं होतंय, बर्नर बघा

आम्ही नामपूरहून बोलतोय, आमच्या बचत गटाच्या वतीने. आज विषय आहे गॅसच्या शेगडीचा बर्नर.

उन्हाळ्यात आमचा गट कुरडया करतो. यंदा पंचवीस किलोची मागणी होती. तीन दिवस गहू भिजवला, वाटला, चीक काढला आणि शिजवायला घेतला. दुसऱ्या दिवशी पातेल्याचं बूड तव्यासारखं काळं झालं. हात लावला की काजळी, पदराला काजळी. जाळ पिवळा, उंच, डुलणारा, आणि चीक काही लवकर शिजेना. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "टाकीतला गॅसच हलका आलाय." आम्हालाही तसंच वाटलं. मग शेजारच्या घरातून दुसरी शेगडी आणून त्याच टाकीला जोडली, तर जाळ स्वच्छ निळा! म्हणजे गॅसचा दोष नव्हताच. आदल्या दिवशी चीक दोनदा उतू गेला होता, तो बर्नरच्या छिद्रांत वाळून बसला होता.

आता छिद्रं बुजली तर जाळ पिवळा का होतो, ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. शेगडीच्या चावीपुढे जेट असतं, पितळेचा छोटा तुकडा, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून गॅस जोरात सुटतो, समोरच्या नळीत शिरतो आणि जाता जाता आजूबाजूची हवा सोबत ओढून नेतो. नळीत गॅस आणि हवा मिसळतात, मग बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येऊन पेटतात. छिद्रं बुजली की पुढे वाट अडते. गॅस तर जेटमधून येतच राहतो, पण हवा पुरेशी ओढली जात नाही. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो. तो अर्धवट जळलेला भाग म्हणजे पातेल्याची काजळी. त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायूही निघतो, त्याला वास नसतो. म्हणून शेगडी अशी जळत असेल तर खिडकी बंद करून स्वयंपाक करू नका.

एक बारीक गोष्ट. मिठाचं पाणी सांडलं की जाळात नारंगी ठिणग्या दिसतात. त्याने घाबरायचं नाही. भांड्याचं बूड काळं होतंय का, ही खरी खूण.

साफ कसं करायचं? आधी रेग्युलेटर बंद. शेगडी पूर्ण गार होऊ द्या. मग बर्नर वर उचला, तो नुसता ठेवलेला असतो. पहिल्यांदा तो साध्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. चीक, दूध, भाताची पेज, हे सगळं पाण्याने फुगून मऊ होतं. आम्ही घाईत कोरड्यावरच तार घातली, तर वाळलेला चीक आणखी आत ढकलला गेला.

नंतर तेलकटपणा. बर्नर पितळेचा असेल तर एक लिटर कडक गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा. सोडा हाताला लागतो, चमच्याने काढा. पण बर्नर पांढरट, हलका, म्हणजे ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा अजिबात नको. आमच्या एका ताईने रात्रभर ठेवला. सकाळी बर्नर काळा पडला होता आणि वरचा थर खरवडल्यासारखा झाला होता. अशा बर्नरला गरम पाणी आणि भांड्याचा साबणच पुरे, हवं तर पाणी दोनदा बदला. लिंबू किंवा चिंच लावली की पितळ चमकतं, पण तेल निघत नाही. आणि सोडा आणि लिंबू एकत्र केलं तर फेस खूप येतो, काम होत नाही, कारण दोघं एकमेकांना मारतात. रॉकेल, पेट्रोल लावून पुसायचा विचारही नको.

मग जुन्या दातांच्या ब्रशने घासायचं आणि छिद्रं एकेक मोकळी करायची. काडेपेटीची काडी, टूथपिक वापरू नका, टोक मोडून आत राहतं. आम्ही गाडीच्या जुन्या क्लच वायरचा एक पदर सोडवून घेतला. तो बारीकही असतो आणि ताठही. शिवणाची बारीक सुईही चालते. सुई आपली आपण जाईल तेवढीच घालायची, दाबून भोक मोठं करायचं नाही. मोठ्या भोकातून जाळ वेडावाकडा येतो. मळ खाली पडावा म्हणून बर्नर उलटा धरून झटका. शेवटी उन्हाकडे धरून आतून बघा. प्रत्येक छिद्रातून उजेड दिसला पाहिजे. आमच्या बर्नरच्या एका बाजूला सलग आठ-नऊ छिद्रं आंधळी निघाली, तिकडेच चीक सांडला होता.

बर्नरखालची नळीही बघा. मागचा बर्नर महिनोन्‌महिने न पेटवता राहिला तर नळीत कोळी जाळं करतो, कधी कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण हवा तिथेच अडते. लांब दांड्याच्या बारीक ब्रशने ती नळी कोरडीच झाडा.

आता ज्याला हात लावायचा नाही ते. आपल्या घरांत पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह होता, तेव्हा जाळ मंद झाला की पिन मारायची सवय होती. तीच सवय काहींनी गॅसच्या जेटला लावली. ती पिन स्टोव्हसाठीच केलेली होती. गॅसच्या जेटचं भोक ठरलेल्या मापाचं असतं, पितळ मऊ असतं, पिन फिरवली की भोक मोठं होतं. गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, जाळ पुन्हा पिवळा. ते दुरुस्त होत नाही, जेटच बदलावं लागतं, आणि ते काम मेकॅनिकचं.

बर्नर पूर्ण वाळल्यावरच बसवा, आमचा उन्हात तासाभरात वाळला. आत पाणी राहिलं तर जाळ तडतडतो, विझतो. बसवताना तो तिरका राहत नाही ना ते बघा, तिरक्या बर्नरचा जाळ एकाच बाजूला येतो. पेटवल्यावर थोडा वेळ जाळ थरथरेल, मग निळा आणि आखूड होईल. "फट्" आवाज होऊन जाळ आत, जेटपाशी पेटला तर लगेच चावी बंद करा, गार होऊ द्या, पुन्हा नीट बसवा. तरीही तसंच झालं तर मेकॅनिकला बोलवा. गॅसचा वास आला तर विजेचं बटण दाबू नका, ना चालू ना बंद. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि 1906 वर फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून खालचं दारही उघडं हवं.

आम्ही साफ करण्याआधी आणि नंतर, एकाच पातेल्यात दोन लिटर पाणी उकळून पाहिलं होतं. आधी तेरा मिनिटं लागली, नंतर नऊ. बूडही काळं झालं नाही. राहिलेला चीक त्याच दिवशी शिजवून घेतला, आणि आता कोणी चीक ढवळायला बसलं की दुसरी तिथेच ओलं फडकं घेऊन उभी असते.