ळ काढून दाखवा

उदगीरकर मंडळी,

सकाळच्या चर्चेत एका विद्वानांनी सांगितलं, ‘ळ’ म्हणजे ‘ल’चाच गावठी उच्चार, एकच अक्षर ठेवलं तरी काही बिघडत नाही, संदर्भाने अर्थ कळतोच. बरं. मग त्यांनी मृगात आमच्या शिवारात यावं. पेरणीआधी शेतकरी मूठभर माती दाबून बघतो, गोळा झाला की म्हणतो, “ओल बघून पेर.” तिफण फिरू लागली की मागून ओरडतो, “ओळ बघून पेर.” शेत तेच, माणूस तोच. एका अक्षरावर ठरतं, मातीकडे बघायचं की तासाकडे. “माल विकला” आणि “माळ विकला” यांतही संदर्भ काय करणार? बाजारातून आलेल्या माणसाने यातलं एक वाक्य बोललं तर घरी आनंद होईल, दुसरं बोललं तर रडारड.

दुसरा आक्षेप असा की ‘ळ’ने एकही शब्द सुरू होत नाही, म्हणून ते स्वतंत्र अक्षर नाही. अहो, मराठी शब्द ‘ण’नेही सुरू होत नाही. त्याला कुणी हाकललं का? दोन ध्वनी वेगळे आहेत की नाहीत, हे शब्दाच्या मध्यात नि शेवटी त्यांची अदलाबदल करून बघायचं असतं. ‘ल’ला जिभेचं टोक दातांच्या मागे टेकतं. ‘ळ’ला ते मागे वळून टाळूला लागतं आणि झटकन पुढे सुटतं. गाल-गाळ, वेल-वेळ, नाल-नाळ म्हणून बघा, जीभच सांगेल.

आणि हे गावठीपण नव्हे, हिशेब आहे. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा असलेला ‘ल’ मराठीत येताना ‘ळ’ झाला: फल-फळ, वेला-वेळ, काल-काळ. जिथे प्राकृतात ‘ल्ल’ होता, तिथे मराठीत ‘ल’ उरला: गल्लचा गाल, वल्लीचा वेल, फुल्लचं फूल. कालचा दिवस सांगणारा ‘काल’ ‘कल्य’पासून, ‘कल्ल’मार्गे आला. म्हणजे ‘काल’ आणि ‘काळ’ दोन वेगळ्या घरांतून आलेत. तत्सम शब्द मागाहून जसेच्या तसे घेतले, म्हणून ‘बळ’शेजारी ‘बल’ही नांदतं, तेवढ्यावरून नियम मोडत नाही.

वऱ्हाडाकडे बोट दाखवू नका. तिथे डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो. ‘ल’ होत नाही. त्यांनी ध्वनी बदलला, पण फरक बुडवला नाही. आणि आपल्या सीमेपलीकडच्या कन्नडला विचारा: तिथे ‘कालु’ म्हणजे पाय, ‘काळु’ म्हणजे धान्याचा दाणा.

फरक बुडतो आहे तो शाळेत. रोमन लिपीतल्या एकाच ‘एल’वरून मराठी वाचणारी मुलं काळे आणि काले या दोन आडनावांना एकच करतात, आणि बाई दुरुस्त करत नाहीत. बाईंनो, उद्या श्रुतलेखनाला “माळावर माल उतरवला” हे वाक्य घाला. वर्गात किती माळ उरले ते मोजा, आणि मग त्या विद्वानांना कळवा.