नाव सांगितलं की केक समजला पाहिजे
(ताथवडे येथील मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले मनोगत)



मागच्या महिन्यात आपल्या एका गटाचा केक परत आला. सोसायटीतल्या ताईंनी फोनवर "तो पिवळा द्या" म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या मनात अननस होता आणि आपण बटरस्कॉच पाठवला. पोराचा वाढदिवस होता. पैसे परत केले, पण त्या ताईंनी नंतर ऑर्डर दिली नाही. चूक हाताची नव्हती. आपल्या केकला धड नावच नव्हतं.

मग आम्ही नावं ठरवायला बसलो. पुण्याची मस्तानी आठवा. नुसतं "मस्तानी" म्हटलं तर दुकानदार विचारतो, "कोणती?" म्हणून आपण मँगो मस्तानी, पिस्ता मस्तानी म्हणतो. एक शब्द लक्षात राहतो, दुसरा चव सांगतो. आपणही तसंच केलं: सोनकी अननस, काजळ चॉकलेट, कुरकुर बटरस्कॉच, माहेर रसमलाई.

काही नावं सोडून द्यावी लागली. चॉकलेटला एका मावशींनी "काळी मैना" सुचवलं. ऐकायला छान, पण आपल्याकडे काळी मैना म्हणजे करवंदं. गिऱ्हाईक करवंदाचा केक समजेल. बटरस्कॉचला कोणी "चिक्की" म्हणालं, पण त्यात शेंगदाणा नाही, मग चिक्की कशाची? देवाचं नावही नको. केकवर सुरी फिरवायची आणि रिकामा खोका पायाखाली जायचा, ते लोकांना आवडत नाही. "केसर" आणि "केशरी" अशी दोन नावंही ठेवू नका, फोनवर एकच ऐकू येतात.

नाव पक्कं करण्याआधी एक करून बघा. केक न पाहिलेल्या पाच जणींना फोनवर चारही नावं सांगा. दुसऱ्या दिवशी विचारा, "काय काय आठवतंय? त्यात काय असेल?" जे नाव आठवत नाही किंवा चव चुकीची सांगतं, ते बदला. खोके छापायच्या आधीच बदला, नंतर खर्च वाढतो.

अजून एक. टोपणनाव कितीही गोड असलं तरी लेबलवर वस्तूचं खरं नाव लागतंच: "काजळ", खाली "चॉकलेट केक, अंडेविरहित". चौकोनातला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा नंबरही हवा. माळकरी घरात आधी तो ठिपका बघतात. रसमलाईचा नुसता इसेन्स घातला असेल, तर "रसमलाई स्वादाचा" असं लिहा. रसमलाई घातल्याचा आव आणू नका.

शेवटी ऑर्डरच्या वहीत रंग लिहिणं बंद करा. फोन ठेवण्याआधी पूर्ण नाव परत म्हणून घ्या: "ताई, सोनकी अननस, अर्धा किलो, बरोबर ना?" एवढं केलं की पिवळा कोणता, हा प्रश्नच उरत नाही.