फ्लॉरेन्सच्या छत्रीकडे जाताना

मी गडमुडशिंगीचा, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळाशेजारचा. आमच्याकडून युरोपला निघालेल्या माणसाला मी एक जागा हमखास सांगतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे काशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला १८७४ मध्ये त्यांची छत्री उभी राहिली.

समजा, तुम्ही सिएनाहून तिथे निघालात. कागदी तिकीट घेतलंत म्हणून प्रवासाला मोकळे झालात असं नाही. पॅसेंजरसारख्या 'रेजोनाले' गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या छोट्या यंत्रात सरकवून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यायची. हे 'कोन्वालिदा'. छापल्यापासून तिकीट चार तास चालतं. न छापलेलं तिकीट पुन्हा वापरता येईल, म्हणून तपासनीस दंड करतो. परदेशी आहे म्हणून सवलत नाही. यंत्र बंद असेल तर स्टेशन, तारीख आणि वेळ पेनाने लिहा आणि गाडीत चढताच गार्डला स्वतः जाऊन भेटा. मोबाईलवरच्या तिकिटाला छाप नाही, पण गाडी सुटण्याआधी त्याचं 'चेक-इन' करावं लागतं. आरक्षित आसनाच्या वेगवान गाड्यांना यातलं काहीच लागत नाही.

सिएनाहून काही गाड्या थेट फ्लॉरेन्सला जातात, काही वेळा एम्पोलीत गाडी बदलावी लागते. एम्पोली म्हणजे त्यांचं मिरज म्हणा. तिथली जोडगाडी ती 'कोइन्चिदेन्त्सा'. सिएना ते फ्लॉरेन्स एकच तिकीट असेल तर दुसऱ्यांदा छापायचं नाही, आणि जोडगाडी चुकली तरी चार तासांत पुढची रेजोनाले चालते. मात्र पुढचा टप्पा वेगवान गाडीच्या वेगळ्या तिकिटावर असेल, तर उशिराचा भुर्दंड तुमचाच. तिथे मध्ये भरपूर वेळ ठेवा.

फ्लॉरेन्सला उतरल्यावर ट्रामने 'काशिने' थांबा गाठायचा आणि तिथून नदीकाठाने बरंच चालायचं. ट्रामचं कागदी तिकीटही आत शिरताच छापायचं.

आता फलकावर SCIOPERO दिसलं तर? उच्चार 'शोपेरो', म्हणजे संप. आपल्याकडच्या एसटी संपाच्या आठवणीने घाबरू नका. १९९० च्या कायद्याने तिथे पूर्वसूचना सक्तीची आहे, त्यामुळे तारीख आधीच कळते, आणि बहुतेक संप दिवसभरात आटोपतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या चालवाव्याच लागतात. संप सुरू होताना वाटेत असलेली गाडी तासाभरात शेवटच्या स्टेशनला पोहोचणार असेल तर पोहोचवतात, नाहीतर मध्येच थांबू शकते. शहरातल्या बस-ट्रामच्या राखीव वेळा मात्र शहरागणिक वेगळ्या.

तेव्हा संपाच्या दिवशी सिएनाहून सकाळी नऊच्या आत पोहोचणारी गाडी धरा, आणि त्याच दिवशीचं विमान असेल तर छत्रीचा बेत आदल्या दिवशीच उरका.