खाडा, रतीब आणि वर्गणी

एखाद्यानं लहानसं मोबाइल ॲप केलं आहे असं कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, डाउनलोड किती झाले? कमाईचा अंदाज त्या आकड्यावरून लागत नाही. ते ॲप दिवसातून किती वेळा उघडतं, किती वेळ उघडं राहतं आणि ते बंद पडलं तर कोणाचं काम अडतं, एवढं कळलं की पैसे जाहिरातीतून मिळवायचे, एकदाच किंमत घेऊन मिळवायचे की महिन्याच्या वर्गणीतून, हे बरंचसं ठरून जातं. आज मी एकच उदाहरण घेणार आहे, दुधाच्या रतिबाच्या हिशेबाचं ॲप. आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुम्ही आपले घाला.

हे ॲप दोन माणसांना लागतं. एक घरातली व्यक्ती, जी आजवर कॅलेंडरवर खाडे मांडत आली आहे. दुसरा गवळी, ज्याच्याकडे साठ-सत्तर घरांची वही आहे. दोघांची नोंद एकच असते, आज किती दूध आलं. पण त्या नोंदीची किंमत दोघांना सारखी नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकावर उभं आहे.

आधी जाहिरात, कारण बहुतेकांचं पहिलं पाऊल तिथंच पडतं. समजा हजार घरं रोज आपलं ॲप उघडतात. ही लहान संख्या नाही. रोज हजार लोकांनी उघडायचं तर उतरवून घेणारे त्याच्या कितीतरी पट लागतात. खाडा मांडायला दहा सेकंद लागतात, तेवढ्यात खालची पट्टी फार तर दोनदा दिसते. महिन्याला साठ हजार दर्शनं झाली. हजार दर्शनांना दहा रुपये धरले तर महिन्याचे सहाशे रुपये. गूगलची ॲडमॉब ही सेवा खात्यात १०० डॉलर साठल्याखेरीज पैसे पाठवत नाही. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साडेआठ हजार रुपये साठायला चौदा महिन्यांहून थोडे जास्तच लागतील.

मग मनात येतं की पूर्ण पडद्याची जाहिरात लावावी, तिला दर चांगला मिळतो. ती दिसते कधी, ते डोळ्यांसमोर आणा. पहाटे साडेपाचला गवळी तिसऱ्या मजल्यावर उभा आहे, एका हातात किटली, दुसऱ्या हाताच्या ओल्या अंगठ्यानं तो 'अर्धा लिटर जादा' दाबतो आणि पडदा झाकला जातो. तो पुन्हा वहीकडेच वळेल. शिवाय काम चालू असताना अचानक उघडणारी अशी जाहिरात गूगल प्लेच्या नियमांतही बसत नाही. जाहिरात ज्या ॲपवर नजर बराच वेळ खिळलेली असते तिथं चालते: खेळ, बातम्या, गाणी. दहा सेकंदांच्या कामाला ती पोसत नाही.

तरीही कोणाला लावून पाहायचीच असेल, तर एक गोष्ट सांभाळा. ॲप तयार होत असताना स्वतःच्या खात्याची जाहिरात लावून तपासू नका. गूगलनं चाचणीसाठी वेगळे क्रमांक दिलेले आहेत. पट्टीसाठी अँड्रॉइडवर हा वापरतात:

```
ca-app-pub-3940256099942544/6300978111
```

खऱ्या जाहिरातीवर आपण स्वतः, घरच्यांनी किंवा कौतुकानं मित्रांनी टिचक्या मारल्या तर त्या खोट्या धरल्या जातात आणि खातं गोठवलं जाऊ शकतं. साठलेले पैसेही हातचे जाऊ शकतात.

आता एकदाच किंमत घेणं. घरातल्या वापरासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. त्या व्यक्तीला महिनाअखेरीस बेरीज हवी असते: इतके लिटर, इतके खाडे, इतके रुपये. सगळी नोंद तिच्याच फोनमध्ये राहते, आपल्याला सर्व्हरचा खर्च नाही. ज्या गोष्टीवर आपला दरमहा खर्च होत नाही तिचे दरमहा पैसे मागणं मला पटत नाही. ९९ रुपये किंमत ठेवली आणि प्लेचं कमिशन १५ टक्के धरलं, तर कराचा विचार बाजूला ठेवून ८४ रुपये हाती येतात. शंभरांपैकी दोघांनी विकत घेतलं असं धरू. महिन्याला आठ हजार मिळवायचे तर ९५ नवे ग्राहक, म्हणजे सुमारे पावणेपाच हजार नवी माणसं दरमहा आपल्या ॲपपर्यंत आली पाहिजेत. आणि ती पुढच्या महिन्यात पुन्हा नव्यानं आली पाहिजेत, कारण कालच्या ग्राहकाकडून आज काही येत नाही. आपलं काम मात्र चालूच राहतं: अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ॲप तिच्याशी जुळवून पुन्हा चढवावं लागतं, आणि गूगलची त्यासाठीची मुदत गेली काही वर्षं ऑगस्टअखेरची असते. ती चुकली तर नव्या फोनवाल्यांना आपलं ॲप दुकानात दिसेनासं होतं.

या विक्रीत एक दोष हमखास राहतो. ग्राहकानं पैसे भरले की आपल्या ॲपनं गूगलला 'खरेदी पोचली' असं कळवायचं असतं, प्रोग्रॅममध्ये त्याला `acknowledgePurchase` म्हणतात. तीन दिवसांत ही पोच दिली नाही तर गूगल पैसे आपोआप परत करतं. वरवर सगळं सुरळीत दिसतं; विक्री झाली, ग्राहक खूश. पण प्ले कन्सोलमध्ये ऑर्डरींची यादी उघडली आणि परतावे बरोबर तीन-तीन दिवसांनी पडलेले दिसले, तर ग्राहक नाराज नाहीत, पोच द्यायची राहिली आहे असं समजा. दुसरी तक्रार येते फोन बदलल्यावर: "मी पैसे भरले होते, आता पुन्हा मागतंय." ॲप सुरू होताना `queryPurchasesAsync` वापरून जुनी खरेदी विचारून घेतली की हे मिटतं.

आता गवळ्याकडे येऊ. इथं मी जरा थांबणार आहे.

सत्तर घरांपैकी दहा घरांत महिन्यातून एकदा अर्धा लिटर जादा दिलं आणि लिहायचं राहून गेलं, तर साठ रुपये लिटरच्या भावानं तीनशे रुपये बुडतात. त्यात बिलावरून होणारी वादावादी वेगळी. म्हणून महिन्याचे ९९ रुपये त्याला जड नाहीत, पण त्या बदल्यात दरमहा काहीतरी मिळालं पाहिजे. फोन पाण्यात पडला तरी हिशेब शाबूत राहावा, मुलाच्या फोनवरही तीच वही दिसावी, एक तारखेला सत्तर बिलं तयार असावीत आणि ती व्हॉट्सॲपवर एकेका घराला पाठवता यावीत. या साठवणीचा खर्च आपल्यालाही दरमहा येतो, म्हणून वर्गणी इथं रास्त आहे.

या हिशेबाचं मर्म दरात आहे. दूध महिन्याच्या मध्येच महागतं. सोळा तारखेला साठाचे बासष्ट झाले, आणि ॲपमध्ये प्रत्येक घरापुढं एकच दर लिहिलेला असेल, तर तो बदलताच मागच्या पंधरा दिवसांचं बिलही बासष्टनं निघतं. दर त्याच्या लागू होण्याच्या तारखेसह साठवायचा आणि प्रत्येक दिवसाच्या दुधाला त्या दिवशीचा दर लावायचा. रक्कमही रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवायची, नाहीतर पाव लिटरांच्या बेरजेत कुठंतरी एखादा पैसा सरकतो आणि बिलावरचा आकडा वहीशी जुळत नाही. गवळी वहीशी ताडून पाहतो. पहिल्या बिलात फरक निघाला तर दुसरं बिल तो आपल्या ॲपवर काढत नाही.

फुकट चाचणीचे दिवसही या बिलावरूनच ठरतात. सात दिवसांची चाचणी द्यायचा प्रघात आहे. पण या ॲपचा उपयोग कळतो तो बिल निघतं त्या दिवशी. पाच तारखेला सुरू केलेल्या गवळ्याची चाचणी बारा तारखेला संपली तर त्यानं सात दिवस फक्त आकडे भरले, हाती काहीच आलं नाही. म्हणून पंचेचाळीस दिवस द्यावेत. कोणत्याही तारखेला सुरुवात केली तरी एक महिनाअखेर त्यात येतेच, आणि वर पैसे वसूल करायला थोडे दिवस उरतात.

वर्गणी सुरू झाली तरी ती दरमहा आपोआप वसूल होईल असं धरू नका. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती वसुलीचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना जाते. म्हणजे आपला गवळी दरमहा एकदा विचार करतो, हे ठेवायचं का? सूचना चांगलीच आहे. ज्याचा उपयोग होत नाही ते कोणी भरू नये. गूगल प्लेवर २०२२ पासून यूपीआय ऑटोपेनं वर्गणी भरता येते, त्यामुळे कार्ड नसलेल्यालाही ती घेता येते. पण गवळ्याकडं रोकड येते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. वसुलीची तारीख पंचवीस पडली तर खातं रिकामं असू शकतं, आणि वसुली फसते. प्लेमध्ये अशा वेळी सवलतीचे दिवस ठेवता येतात. ते जरूर ठेवा. त्या काळात ॲप चालू राहतं आणि वसुलीचा पुन्हा प्रयत्न होतो. सोडून गेलेल्यांची यादी पाहताना 'स्वतः बंद केली' आणि 'वसुली फसली' हे दोन ढीग वेगळे करा. पहिल्याला फोन करून कारण विचारायचं असतं, दुसऱ्याला फक्त आठवण करून द्यायची असते.

हिशेब असा बसतो. शंभर गवळी, प्रत्येकी कमिशन वजा जाता ८४ रुपये, महिन्याला ८,४००. जाहिरातीतून हजार घरांनी चौदा महिन्यांत जमवलं असतं तेवढं जवळपास एका महिन्यात. दरमहा शंभरात पाच जण सोडत असतील तर एक गवळी सरासरी वीस महिने टिकतो आणि एकूण १,६८० रुपये देतो. दहा जण सोडत असतील तर दहाच महिने, ८४० रुपये. हा आकडा हाती असला की कळतं, पहाटे दूध संकलन केंद्रावर जाऊन एका गवळ्याला ॲप लावून देण्यात शंभर-दोनशेचं पेट्रोल घालणं परवडतं की नाही. वीस महिने टिकणाऱ्यासाठी सहज परवडतं. पहिले शंभर ग्राहक तिथंच मिळतील. दुकानातल्या शोधातून मिळणार नाहीत.

ॲप प्लेवर नेताना वेळही धरून ठेवा. नोंदणीची फी २५ डॉलर, एकदाच. पण नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला सर्वांसाठी प्रसिद्धी मागण्याआधी बंद चाचणी करावी लागते. आधी वीस माणसं लागत, डिसेंबर २०२४ पासून बारा, आणि ती सलग चौदा दिवस टिकून राहावी लागतात. ही बारा माणसं नात्यातली न घेता त्यांत चार-पाच गवळी घ्या.

राहिला प्रश्न वर्गणी थांबवणाऱ्याचा. त्याची वही कुलूप लावून अडवायची नाही. नवी नोंद आणि नवं बिल बंद होऊ द्या, पण जुने महिने वाचता आले पाहिजेत आणि सगळा हिशेब एका फाइलीत बाहेर काढून घेता आला पाहिजे. त्यात कोणत्या घराकडं किती बाकी आहे ते लिहिलेलं असतं, आणि ते पैसे त्याचे आहेत.