खूण किती ठेवायची?



फोटोवरच्या ‘टचिंग’बद्दल बोला, असं मला सांगण्यात आलं. हा विषय एका संध्याकाळी संपणारा नाही, म्हणून मी आज एकाच चेहऱ्याबद्दल, एका बाईंच्या फोटोबद्दल बोलणार आहे. तो फोटो पडद्यावर दाखवणार नाही. तो त्या बाईंच्या पुस्तकासाठी काढला होता, व्याख्यानासाठी नाही. वर्णनावरून तुम्हाला कल्पना येईल.

बाई महाविद्यालयात शिकवतात. डाव्या डोळ्याखालून जबड्यापर्यंत, वरच्या ओठाचा थोडा भाग आणि कानाची पाळी धरून, त्यांच्या चेहऱ्यावर जांभळट लाल रंगाची जन्मखूण आहे. डॉक्टर तिला ‘पोर्ट-वाइन स्टेन’ म्हणतात. त्वचेतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या जन्मापासूनच रुंदावलेल्या असतात आणि त्यांतल्या रक्ताचा रंग वर दिसतो. ही खूण आपोआप जात नाही, शरीराबरोबर वाढते आणि पुष्कळांची वयाप्रमाणे गडद होते. बाईंना पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी फोटो हवा होता. त्या म्हणाल्या, “डाग राहू द्या. पण फोटो बघणाऱ्याला आधी डाग दिसावा आणि मग मी, असं नको.”

इतकं नेमकं सांगणारी माणसं थोडी. बहुतेक जण काहीच बोलत नाहीत आणि आपण विचारायचं कसं, हा प्रश्न पडतो. खुणेकडे बोट दाखवून “हे काढायचं का?” असं मी कधीच विचारत नाही. तसं विचारणं म्हणजे ते काढण्यासारखं आहे, असा निकाल आधीच देऊन टाकणं. समोर येणाऱ्या प्रत्येकाला, चेहऱ्यावर तीळसुद्धा नसलेल्यालाही, मी एकच प्रश्न विचारते: “चेहऱ्यावरचं काही थोडं कमी करायचंय का, आणि काही मुद्दाम ठेवायचंय का?” दुसरा भाग विसरू नये. भुवईवरची टाक्यांची खूण जपायला सांगणारी माणसं मला भेटली आहेत, आणि न विचारता ती पुसली असती तर त्यांना आपलाच फोटो परका वाटला असता. शिवाय हा प्रश्न त्या माणसाला एकट्याला विचारायचा. आई, सासू, नवरा शेजारी बसले असतील तर उत्तर त्यांच्याकडून येतं.

न विचारता काय काढावं, याचा आमच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे ते काढायला हरकत नाही: पुटकुळी, दाढी करताना लागलेलं, डास चावल्याचा फुगवटा. जे राहणार आहे त्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

आता कोणी म्हणेल, खूण आहे तशी दिसली तर बिघडलं काय? पण फोटोत ती ‘आहे तशी’ दिसते का, हे तपासायला हवं. सुरुवातीच्या फोटोच्या काचा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. लाल रंग त्यांना दिसतच नसे आणि छापात तो काळा उतरे. गालावर फिकट लाल खूण असलेला माणूस फोटोत काळा डाग पडलेला दिसायचा. १८७३ मध्ये जर्मनीत हेर्मान फोगेल यांनी विशिष्ट रंगद्रव्यं मिसळून काचेला हिरवा प्रकाशही दाखवला, तरी लाल नीट टिपणाऱ्या काचा बाजारात यायला विसावं शतक उजाडलं. दरम्यान ही उणीव पेन्सिलीने भरून काढली जात होती. छापात काळा दिसणारा डाग म्हणजे निगेटिव्हवर पारदर्शक काच. त्या जागी शिसपेन्सिलीच्या अगदी बारीक रेघा भरल्या, की तिथून प्रकाश कमी जातो आणि छापात ती जागा उजळते. म्युनिकच्या फ्रान्झ हानफ्स्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात अशी टचिंग केलेली निगेटिव्ह दाखवली, तेव्हा ती पाहायला गर्दी झाली होती. पुढे याच पेन्सिलीने सरसकट सगळ्यांच्या सुरकुत्या भरल्या गेल्या, पण यंत्राने वाढवलेलं यंत्राला परत करणं हे त्यातलं रास्त काम होतं.

आजचा कॅमेरा लाल पाहतो, उलट जरा जास्तच पाहतो. फोन आणि कॅमेरे रंग चटकदार करून देतात आणि त्यात लाल आधी चढतो. दुसरी गोष्ट, समोर बसून बोलताना आपली नजर डोळ्यांवर आणि ओठांवर असते. फोटोतला चेहरा गप्प असतो, मग नजर सगळ्यात वेगळ्या रंगावर जाऊन थांबते. म्हणून माझा पहिला मुक्काम ठरलेला आहे. समोरासमोर बोलताना खूण जितकी जाणवते, तितकीच फोटोत जाणवावी. त्याच्या पुढे जायचं का, हे ज्याचा चेहरा आहे त्याने ठरवायचं.

अर्धं काम फोटो काढतानाच होतं. उन्हातून जिना चढून आलेल्या माणसाची अशी खूण रक्त भरून गडद होते. म्हणून बाईंना आधी निवांत बसवलं, पाणी दिलं. कॅमेऱ्याचा चटकदार रंग बंद केला. पोलराइझर लावला नाही. त्याने त्वचेवरची चकाकी जाते, पण आतला लाल आणखी उघडा पडतो. मोठा, मऊ प्रकाश समोरून थोडा डावीकडे ठेवला. बाई उजवा गाल पुढे करून बसायला लागल्या, ती त्यांची सवय असावी. मी विचारलं, “सरळ बसलात तर चालेल का?” त्या सरळ बसल्या.

आता कॉम्प्युटरवरचं काम. इथे पहिला मोह असतो तो हीलिंग ब्रशचा. तो शेजारच्या चांगल्या त्वचेचा पोत उचलून डागावर बसवतो आणि रंग मिळवून घेतो. पुटकुळीला ठीक आहे. पण एवढ्या मोठ्या खुणेवर फिरवला तर त्या बाईंच्या गालाची रंध्रं, बारीक लव, हसण्याची घडी सगळं जाऊन तिथे कपाळाचा तुकडा येतो. मुळात पोर्ट-वाइन खूण बहुधा सपाट असते. पोत चांगलाच असतो, वेगळा असतो तो फक्त रंग आणि गडदपणा. तेव्हा पोताला हातच लावायचा नाही.

रंगाकडे वळलं, की दुसरी चूक होते. फोटोशॉपमध्ये Hue/Saturation वापरून लाल कमी केला, की वाटतं झालं. पण आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर ही खूण लालपणापेक्षा गडदपणाने उठून दिसते. नुसता लाल काढला तर मागे राखाडी चट्टा उरतो आणि कोणीतरी मारल्यासारखा काळानिळा गाल दिसतो. मी लाल थोडा नारिंगीकडे सरकवते, त्याचा जोर थोडासाच उतरवते, आणि वेगळ्या लेयरवर Curves ने ती जागा किंचित उजळते. उजळणं जास्त झालं तर उलटा चट्टा पडतो, कोड आल्यासारखा. दोन्ही लेयरना एकच मास्क. तो मऊ ब्रशने, Flow दहाच्या आसपास ठेवून, हात पुन्हा पुन्हा फिरवत रंगवायचा. खुणेची कड जिथे तुटक आहे तिथे मास्कही तुटक हवा. कड सगळीकडे सारखी मऊ केली तर उजळपणा शेजारच्या चांगल्या त्वचेवर सांडतो आणि खुणेभोवती पांढरट कडं दिसू लागतं. घाईत केलेलं काम या कड्यावरून ओळखता येतं. आणि कानाची पाळी व ओठ हमखास राहून जातात. गाल निवळलेला आणि पाळी जांभळी, असा फोटो पाहणाऱ्याला काय ते लगेच कळतं.

आता थांबण्याबद्दल. दोन्ही लेयर एका गटात घातले, की त्या गटाच्या Opacity ची एकच पट्टी उरते. शून्याला खूण मूळची, शंभरला जवळजवळ गेलेली. ही पट्टी मी शून्यावर आणली आणि माउस बाईंच्या हातात दिला. क्रम याच दिशेने हवा. आधी शंभर दाखवून “आता किती परत आणू?” असं विचारलं, तर त्या माणसाला खूण नसलेला स्वतःचा चेहरा पाहावा लागतो. त्याने तो मागितलेला नसतो. मग मूळ चेहऱ्याकडे येणारं प्रत्येक पाऊल त्याला तोट्याचं वाटतं. शून्याकडून वर जाताना माणूस आपल्या ओळखीच्या चेहऱ्यापासून निघतो आणि अनोळखी वाटू लागताच थांबतो. बाई पस्तीसच्या थोडं पुढे गेल्या, परत आल्या, पस्तीसवर थांबल्या. मी तीसवर थांबले असते. पण ते माझं मत, आणि ते मी बोलले नाही.

हे बघताना फोटो पूर्ण चेहरा दिसेल एवढाच ठेवायचा. मोठा करून बघितलं तर प्रत्येक ठिपका गुन्हेगार वाटतो. पस्तीसवर एक छोटा प्रिंट काढून दिला आणि सांगितलं, घरी न्या, दोन दिवसांनी सांगा. कागदावर लाल वेगळा दिसतो, आणि मलपृष्ठ कागदावरच छापलं जाणार होतं.

प्रिंट बघून त्यांच्या आईंचा फोन आला: “आता एवढं केलंच आहे, तर सगळंच काढा ना.” त्यांच्या बोलण्यात मायाच होती. लेकीला लोकांच्या नजरांचा काय त्रास झाला, तो त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेला. मी म्हटलं, “आई, त्यांना विचारून सांगा.” बाईंनी पस्तीसच कायम केलं. लग्नाच्या फोटोंबाबत हा प्रसंग जास्त अवघड होतो. पालक पैसे देतात, मुलगी गप्प असते. खूण पुसलेला फोटो स्थळाकडे गेला, की बघायला आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर उमटणारं आश्चर्य तिला सोसावं लागतं, पालकांना नाही. म्हणून तिथे मी मुलीच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय काम करत नाही. लहान मुलांचंही तसंच. सात-आठ वर्षांचं मूल आपल्या खुणेबद्दल स्पष्ट मत देतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

टाक्यांच्या किंवा भाजल्याच्या वणाची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे पोतही बदललेला असतो. उंचावलेल्या वणाच्या एका बाजूला चकाकी आणि दुसऱ्या बाजूला सावली असते. सावली थोडी उजळायची, चकाकी थोडी उतरवायची. रेघ राहते, तिचा उठाव कमी होतो. दोन्ही पूर्ण काढले तर गुळगुळीत पट्टा उरतो, आणि तो वणापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो.

पासपोर्टसारख्या ओळखपत्राच्या फोटोत मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे चेहरा पडताळण्यासाठी असतो, आणि शरीरावरची ओळखखूण विचारणाऱ्या अर्जात कित्येकांनी हीच खूण लिहिलेली असते. त्यासाठी निराळा, न हात लावलेला फोटो द्यायचा. पुस्तकाच्या फोटोतून कापून कधीच द्यायचा नाही.

बाईंना मी दोन फायली दिल्या, एक मूळ आणि एक पस्तीसची. लेयर असलेली फाइल माझ्याकडे आहे. पुढच्या आवृत्तीच्या वेळी त्यांना शून्य हवं असेल किंवा साठ, तर पट्टी सरकवायला मिनिटभर पुरेल.