रिठा, शिकेकाई आणि तांदळाचं धुवण

आज न्हाणीघरातल्या तीन पदार्थांबद्दल बोलणार आहे: रिठा, शिकेकाई आणि तांदळाचं धुवण. हल्ली ही तिन्ही नावं एका दमात घेतली जातात. पण यातली दोनच केस धुतात, तिसरं धूत नाही. आणि जी दोन धुतात, ती डोळ्यात गेली की झोंबतात. एवढं नैसर्गिक, मग झोंबतं का, असं अनेकजणी विचारतात. तिथूनच सुरुवात करू.

वाळलेला रिठा फोडून पाहा. आत काळी कुळकुळीत, गोटीसारखी टणक बी असते. ती आपल्या कामाची नाही. तिच्याभोवतीची तपकिरी, जराशी चिकट, सुरकुतलेली साल, तीच खरी. त्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. सॅपोनिनच्या रेणूला दोन बाजू असतात. एक बाजू साखरेची, तिला पाणी आवडतं. दुसरी बाजू तेलात रमणारी. केसावरच्या तेलकट थराला हे रेणू तेलाकडच्या बाजूने चिकटतात, चहूबाजूंनी घेरतात, आणि पाणी ओतलं की तेल, धूळ, घाम यांच्यासकट वाहून जातात. शाम्पूही याच रीतीने काम करतो, फक्त त्यातली द्रव्यं कारखान्यात बनवलेली असतात.

आता डोळ्याकडे या. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचं आवरण हेही मुळात स्निग्ध पदार्थांचंच असतं, आणि त्यात कोलेस्टेरॉल असतं. सॅपोनिन या कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतं आणि आवरण कमकुवत करतं. प्रयोगशाळेत रक्ताच्या थेंबात सॅपोनिन मिसळलं तर तांबड्या पेशी फुटतात. रिठ्याच्या जातीच्या झाडांची फळं ठेचून पाण्यात टाकायची आणि मासे गुंगवायचे, ही जुनी रीतही याच गुणावर चालायची, कारण माशांचे कल्ले फार नाजूक असतात. आपल्या डोक्याच्या त्वचेवर मृत पेशींचा जाड थर असतो, तिला सहसा काही होत नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला मात्र असलं चिलखत नाही, आणि त्यात संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. म्हणजे ज्या गुणामुळे रिठा तेल काढतो, त्याच गुणामुळे तो डोळ्याला झोंबतो. लहान मुलांच्या शाम्पूत मुद्दाम सौम्य द्रव्यं निवडलेली असतात. रिठ्यात अशी निवड करता येत नाही. फक्त तो पातळ करणं आपल्या हातात असतं.

शिकेकाई थोडी वेगळी. सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या काटेरी वेलीच्या या शेंगा. त्यांतही सॅपोनिन असतं, पण फेस कमी येतो आणि धुणंही मवाळ असतं. मात्र ती डोळ्यात दुसऱ्याच वाटेने त्रास देते. बाजारात मिळणारी शिकेकाईची पूड बहुतेकजणी पाण्यात कालवून तशीच डोक्याला थापतात. त्या पुडीत शेंगेचे बारीक, टोकदार कण असतात. एखादा कण पापणीखाली अडकला आणि आपण डोळा चोळला, की बुबुळावर ओरखडा उठतो. नुसतं झोंबणं असेल तर धुतल्यावर हळूहळू कमी होतं. कण असेल तर पापणी मिटताना प्रत्येक वेळी टोचतं. हा फरक लक्षात ठेवा. म्हणूनच मी पुडीच्या बाजूची नाही, गाळलेल्या काढ्याच्या बाजूची आहे.

काढा करायचा कसा? खांद्याखाली येणारे केस आहेत असं धरू. सहा रिठे फोडून बिया काढून टाका. त्यात शिकेकाईच्या चार शेंगा मोडून घाला आणि तीन कप पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडाचं नको, कारण शिकेकाईतल्या तुरट द्रव्यामुळे लोखंडात काढा काळा पडतो. सकाळी मंद आंचेवर पंधरा मिनिटं उकळा. पातेलं मोठं असू द्या. रिठा दुधासारखा उतू जातो, आणि ओट्यावरचा तो फेस पुसता पुसता नाकी नऊ येतात. गार झाल्यावर हाताने कुस्करा, आणि दुहेरी मलमलीतून गाळा. स्टीलची चाळणी पुरत नाही, कण खाली येतातच. या काढ्यात तेवढंच साधं पाणी मिसळा, मग वापरा. उरला तर फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नाही. यात टिकाऊपणासाठी काहीच घातलेलं नसतं, त्यामुळे आंबूस वास आला की ओतून द्या.

आता कोरडेपणा. रविवारी खोबरेल तेल भरपूर चोळलं, तासाभराने काढा ओतला, आणि फेसच आला नाही. इथे बहुतेकजणी समजतात की रिठा कमी पडला, आणि पुढच्या वेळी सहाचे बारा करतात. खरं तर पहिल्या वेळचं सॅपोनिन तेलाला धरण्यातच खर्ची पडलेलं असतं. तोच पातळ काढा दुसऱ्यांदा ओता, फेस येईल. बारा रिठे घातले तर बाटलीतलं तेल जातंच, पण डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं, केसाला मऊ ठेवणारं तेलही जातं. रिठ्याला आपलं-परकं कळत नाही. ओला केस दोन बोटांत धरून ओढला आणि करकरला, की समजा जास्त झालं. वाळल्यावर तोच केस राठ होतो, गुंततो. मग रिठे निम्मे करा, शिकेकाई वाढवा, आणि काढा मुळांशीच लावा. केसांची लांबी खाली ओघळणाऱ्या पाण्याने आपोआप धुतली जाते. रंगवलेले आणि कुरळे केस लवकर कोरडे पडतात, त्यांना रिठा जपूनच लावावा.

एक गोष्ट रिठ्याच्या बाजूने सांगायलाच हवी. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि केसांवर चिकट पांढरट थर बसतो. रिठ्याचं तसं होत नाही. आणि वेष्टनावर शिकेकाई लिहिलेली वडी बहुधा मुळात साबणच असते, तिचा अनुभव शेंगेच्या नावावर मांडू नका.

राहिलं तांदळाचं धुवण. चीनमधल्या हुआंगलुओ गावातल्या याओ स्त्रिया आंबवलेल्या तांदळाच्या पाण्याने केस धुतात, त्यावरून हे आता आपल्याकडेही लोकप्रिय झालं. पण धुवणात सॅपोनिन नसतं. असतो तो मुख्यतः स्टार्च. तो केसावर पातळ लेप धरतो, म्हणून केस जाडसर आणि गुळगुळीत लागतात. तेल त्याने निघत नाही. तेव्हा आधी काढ्याने केस धुवा, मग धुवण ओता, दहा मिनिटं थांबा आणि साध्या पाण्याने काढून टाका. तसंच वाळू दिलं तर खळ दिलेल्या साडीसारखे केस कडक होतात. दोन-तीनदा असं झालं की लोक म्हणतात केस कोरडे पडले. ते कोरडे नसतात, त्यावर लेप चढलेला असतो, आणि त्यावर तेल चोळणं हा उपाय नव्हे. एकदा नीट धुतलं की तो जातो.

शेवटी डोळ्याचं. काढा ओतताना मान मागे टाका, पुढे वाकून ओतू नका. लेन्स आधीच काढून ठेवा. तरीही डोळ्यात गेलंच, तर न चोळता स्वच्छ, कोमट पाण्याच्या धारेखाली पापणी उघडी धरून पंधरा मिनिटं डोळा धुवा. गुलाबपाणी, दूध, तूप काहीही घालू नका. त्यानंतरही टोचणं, लाली किंवा धूसर दिसणं राहिलं, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि डोळ्यात काय गेलं होतं ते त्यांना नावानिशी सांगा.