ग्रुप, रिंग, फील्ड : चार आठवड्यांची उजळणी



अमूर्त बीजगणिताचा शेवटचा पेपर चार आठवड्यांवर आला आहे आणि पुस्तक तर पुरते वाचून झालेले नाही, अशी अवस्था उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर पुष्कळ मुलामुलींची होते. त्यांच्यासाठी, आणि खेड्यापाड्यांतून त्यांना शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी, आज एक बेत सांगणार आहे. परिभाषेत गट, वलय आणि क्षेत्र असे शब्द आहेत. पण वर्गात मुले ग्रुप, रिंग आणि फील्डच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणेन.

पारशिवनीहून रोज एस.टी.ने नागपूरला येणारी एक विद्यार्थिनी अशाच वेळी माझ्याकडे आली होती. तिचा एवढा एकच पेपर राहिला होता. तो निघाला नाही तर बी.एड.चा प्रवेश वर्षभर लांबणार होता. वही पाहिली तर प्रत्येक प्रमेयाची सिद्धता तीन-तीनदा लिहून काढलेली. "सारं पाठ आहे जी सर, पण प्रश्न फिरवून आला की काही सुचत नाही," असे ती म्हणाली. मी म्हटले, "बरं, नऊ घटकांचे एक फील्ड मला लिहून दाखव." तिने शून्यापासून आठपर्यंत आकडे लिहिले आणि ९ ने भागून उरणारी बाकी घ्यायची, असे सांगितले. मी तिला तीन गुणिले तीन किती, एवढेच विचारले. नऊ, म्हणजे बाकी शून्य! फील्डमध्ये दोन शून्येतर घटकांचा गुणाकार शून्य होऊन चालत नाही. व्याख्या तिला तोंडपाठ होती. पण हाताने तपासलेले एकही उदाहरण त्या व्याख्येमागे उभे नव्हते. पुढचा सारा बेत आम्ही या उणिवेभोवती बसविला.

वेळेचा हिशेब असा. सकाळी एक तास, रात्री एक तास, आठवड्यातून सहा दिवस. म्हणजे चार आठवड्यांत ४८ तास झाले. रविवारी घड्याळ लावून तीन तास जुनी प्रश्नपत्रिका सोडवायची. एस.टी.त पुस्तक उघडायचे नाही. गाडी हलते आणि डोळे दुखतात. तेथे फक्त व्याख्या मनात म्हणायच्या, आणि प्रत्येक व्याख्येबरोबर तिच्यात बसणारे एक व न बसणारे एक उदाहरण आठवायचे. पहिले दोन आठवडे ग्रुपला द्यावेत. हे जास्त वाटेल; पण रिंगचे निम्मे काम ग्रुपमध्येच होऊन जाते, हे पुढे कळेल.

पहिल्या आठवड्यात दोनच उदाहरणे हाताशी ठेवावीत. एक भिंतीवरचे घड्याळ, म्हणजे १२ ने भागून उरणाऱ्या बाक्यांची बेरीज. दुसरे, बाकावर बसलेली तीन मुले. त्यांना क, ख, ग म्हणू. दोन हुकूम ठरवा. 'अदलाबदल' म्हणजे पहिल्या दोन जागांवरच्या मुलांनी जागा बदलायच्या. 'फिरकी' म्हणजे शेवटच्या मुलाने उठून पहिल्या जागी यायचे व बाकीच्यांनी सरकायचे. आता आधी अदलाबदल व मग फिरकी केली, तर क ख ग चे ख क ग, आणि मग ग ख क होते. आधी फिरकी व मग अदलाबदल केली, तर ग क ख, आणि मग क ग ख. उत्तरे वेगळी आली. हे दोन हुकूम पुन्हा पुन्हा वापरून तीन मुलांच्या सहाही मांडण्या मिळतात. हा सहा घटकांचा ग्रुप घड्याळासारखा नाही; येथे क्रम उलटला की फळ बदलते.

याच बाकावर कोसेट लिहून काढावेत. 'स्वस्थ बसा' आणि 'अदलाबदल' या दोघांचा सबग्रुप घ्या. आधी त्यातला हुकूम व मग फिरकी असे केले, तर ग क ख आणि ग ख क या मांडण्या मिळतात. आधी फिरकी व मग त्यातला हुकूम असे केले, तर ग क ख आणि क ग ख. डावा आणि उजवा कोसेट निराळे निघाले, म्हणून हा सबग्रुप नॉर्मल नाही. आता तीन फिरक्यांचा सबग्रुप घ्या : न फिरणे, एकदा फिरणे, दोनदा फिरणे. त्याच्या आधी अदलाबदल करा की मागून करा, ख क ग, क ग ख आणि ग ख क याच तीन मांडण्या येतात. फक्त त्यांचा क्रम बदलतो. म्हणून हा नॉर्मल. उत्तरपत्रिकेत वारंवार दिसणारी चूक येथेच उघडी पडते. नॉर्मल म्हणजे त्यातला प्रत्येक घटक बाहेरच्या प्रत्येकाशी क्रम बदलून सारखाच वागतो, असे मुले लिहितात. तसे नाही. घटक जागा बदलतात, संच तोच राहतो. लाग्रांजचे प्रमेयही या सहा मांडण्यांवर ताडून पाहावे. कोसेट सारख्याच आकाराचे निघतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत, एवढीच त्याची खरी गुरुकिल्ली आहे.

दुसरा आठवडा कोशंट ग्रुप, होमोमॉर्फिझम आणि पहिले आयसोमॉर्फिझम प्रमेय यांचा. सिलो प्रमेये अभ्यासक्रमात असतील तर ती या आठवड्याच्या शेवटी घ्यावीत. विधाने चोख आणि त्यांच्या उपयोगाची दोन उदाहरणे. सिद्धता वेळ उरला तर. माझे सहकारी याला नाक मुरडतील, पण चार आठवड्यांत निवड करावीच लागते.

या भागात गुण जातात ते बहुधा एकाच जागी. कोसेटवर नियम सांगितला, की तो कोसेटच्या नावावर अवलंबून नाही ना, हे दाखवावे लागते; मुले ती पायरी गाळतात. हे का लागते, ते असे पाहा. सहाच्या बाक्यांतून चारच्या बाक्यांत जाण्याचा नियम केला : आकडा घ्यायचा आणि त्याची ४ ने भागून बाकी काढायची. सहाच्या जगात ० आणि ६ ही एकाच घटकाची दोन नावे. पण ० ची बाकी ० येते, तर ६ ची २. एकाच माणसाला दोन घरे मिळाली! हा नियम नियमच नव्हे. आता हाच नियम बाराच्या घड्याळावर लावा. १२ ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून तेथे नाव बदलले तरी उत्तर बदलत नाही. या नियमाखाली शून्यावर जाणारे आकडे ०, ४ आणि ८. हाच कर्नेल. बारा घटकांचे तिघा-तिघांचे चार गठ्ठे झाले, आणि ते चार गठ्ठे चारच्या बाक्यांसारखेच वागतात. पहिले आयसोमॉर्फिझम प्रमेय म्हणजे नेमके हे. शिक्षकांनी मुलांकडून प्रमेयाचे विधान वदवून घेण्याआधी हे चार गठ्ठे कागदावर मांडून घ्यावेत.

तिसऱ्या आठवड्यात रिंग घेताना हीच वही पुन्हा उघडायची आणि नॉर्मल सबग्रुपच्या जागी आयडियल हा शब्द ठेवून पाहायचे. कर्नेल, कोशंट, प्रमेय, सारे जवळजवळ त्याच शब्दांत परत येते. त्यामुळे नवे आहे त्यालाच वेळ द्यावा, आणि नवा आहे तो गुणाकार. आयडियलमधल्या घटकाला रिंगमधल्या कोणत्याही घटकाने गुणले तरी तो आतच राहिला पाहिजे. पूर्णांक हे परिमेय संख्यांचे सबरिंग आहेत, पण आयडियल नाहीत. एकाला अर्ध्याने गुणताच आपण बाहेर पडतो. घड्याळावर तीन गुणिले चार शून्य होते, म्हणून तेथे दोन्ही बाजूंचा समान गुणक खोडता येत नाही. पाचच्या किंवा सातच्या बाक्यांत असे होत नाही, आणि त्या बाक्या फील्डच असतात. प्राइम आयडियलने भागले की इंटिग्रल डोमेन, मॅक्सिमल आयडियलने भागले की फील्ड, हे कम्युटेटिव्ह व एकक असलेल्या रिंगसाठीचे विधान अटीसकट लिहावे. अट गाळली तर परीक्षक गुण कापतो आणि ते योग्यच आहे.

चौथ्या आठवड्याचे पहिले चार दिवस फील्डचे. येथे त्या विद्यार्थिनीला मी तो पहिला प्रश्न पुन्हा दिला. नऊ घटक हवेत; मग तीनच्या बाक्या घ्या, ०, १ आणि २. त्यांच्यावर क्ष वर्ग अधिक १ ही बहुपदी घ्या. क्ष च्या जागी ० घातला तर १ येतो, १ घातला तर २ येतो, २ घातला तर ५, म्हणजे पुन्हा २. शून्य कोठेच येत नाही, म्हणजे तिला मूळ नाही. आणि दोन घाताची बहुपदी मुळावाचून फुटत नाही. पण सावध! चार घाताच्या बहुपदीला हा न्याय लावू नये. याच बहुपदीचा वर्ग केला तर त्यालाही मूळ नसते, आणि तरी त्याचे दोन अवयव डोळ्यांसमोर असतात.

आता या बहुपदीने भागून उरणाऱ्या बाक्या लिहा. त्या 'अ अधिक ब क्ष' अशा असतात. अ साठी तीन पर्याय, ब साठी तीन, एकूण नऊ. क्ष वर्ग अधिक १ म्हणजे शून्य, म्हणून क्ष वर्ग म्हणजे उणे १, म्हणजे २. आता १ + क्ष चा वर्ग करा : १ + २क्ष + २. तीन म्हणजे शून्य, म्हणून उरले २क्ष. त्याचा पुन्हा वर्ग केला तर ४ गुणिले २, म्हणजे ८, म्हणजे २. आणि २ चा वर्ग ४, म्हणजे १. याचा अर्थ १ + क्ष चा आठवा घात १ होतो, त्याआधी नाही. आठही शून्येतर घटक त्याच्या घातांतून निघतात. क्ष ला मात्र हे जमत नाही; त्याचा चौथाच घात १ होतो. चार आणि आठ दोन्ही आठला भागतात, म्हणजे पहिल्या आठवड्यातले लाग्रांज येथे भेटले. १ + क्ष चा व्यस्त २ + क्ष आहे. गुणून पाहा, २ + ३क्ष + २ म्हणजे ४, म्हणजे १.

ही आकडेमोड तिने अर्ध्या तासात केली, आणि तिच्यात तिन्ही विषय आले : रिंग बहुपदींची, आयडियल क्ष वर्ग अधिक १ चे, निघाले ते फील्ड, आणि त्याचे शून्येतर घटक म्हणजे ग्रुप. एक, एक आणि एक मिळून शून्य होणाऱ्या अशा अंकविश्वात केवळ खेळ नाही. बीजभूमितीतले श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२) यांचे १९५० च्या दशकातले नावाजलेले काम अशाच विश्वातल्या पृष्ठभागांवर होते. आणि हाताने बहुपदी सोडविण्यावर त्यांचा जन्मभर भर होता. त्यांनी १९७६ साली पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान अनेक शिक्षकांना ठाऊक असेल.

उरलेल्या दोन दिवसांत नवे काही उघडू नये. तीन रविवारच्या प्रश्नपत्रिका समोर घ्याव्यात आणि जेथे गुण गेले त्या जागांवर खूण करावी. नाव बदलले तर उत्तर बदलते का, हे तपासायचे राहिले असेल तेथे एक खूण. प्रमेयाची अट गाळली असेल तेथे दुसरी. मूळ नाही म्हणून बहुपदी फुटत नाही असे घाता-बिताचा विचार न करता लिहिले असेल तेथे तिसरी. ज्या खुणेची संख्या जास्त, त्या प्रकारची चार उदाहरणे शनिवारी सोडवावीत. चौथ्या रविवारची प्रश्नपत्रिका मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण तीन तास लिहावी. परीक्षेच्या सकाळी पारशिवनीची एस.टी. पकडायची असेल, तर आदल्या रात्री वही मिटून दहाच्या आत झोपावे.